दुकान बंद पडलं असं समजा

ताई, सांगलीत विश्रामबागेत आमची बेकरी आहे, सासऱ्यांनी ३० वर्षांपूर्वी सुरू केलेली. या दसऱ्याला कोल्हापुरात राजारामपुरीत शाखा काढतोय. माल सांगलीतूनच टेम्पोने जाणार. जागा ठरली आहे, भाडं ४५ हजार, दोन वर्षांचा लॉक-इन, करार अजून नोंदवायचा आहे. १५ लाखांचं कर्ज मंजूर झालंय. हे म्हणतात, पहिल्या महिन्यापासून रोजचा २५ हजारांचा धंदा होईल. बँकेतल्या ओळखीच्या साहेबांनी "आधी प्री-मॉर्टेम करा, रिस्क रजिस्टर करा" असं सुचवलं, म्हणून दिराने नेटवरून ४७ ओळींचा धोक्यांचा तक्ता आणला. त्यात जबाबदार व्यक्तीच्या रकान्यात सगळीकडे "मालक" नाहीतर "सर्वजण". बैठक घेतली तर मामंजी म्हणाले, शुभकार्याआधी वाईट बोलू नये. भट्टीवरचे उस्ताद, टेम्पोवाला, सगळे "होतंय की वो" म्हणून उठले. हे कागद फायलीला लावून टाकू, की याचा खरंच काही उपयोग असतो?
— एक वाचक, सांगली

फायलीलाच लावायचे असतील तर ते ४७ ओळींचे कागद लावा, काही बिघडत नाही. त्यात "वाढती स्पर्धा", "मनुष्यबळाची कमतरता", "कच्च्या मालाच्या किमतीतील चढउतार" असंच लिहिलेलं असणार. हे चपलांच्या दुकानालाही लागू पडतं आणि दवाखान्यालाही. तुमचा टेम्पो पहाटे अंकलीच्या पुलावर अडकला तर काय, हे त्यात नसणार. तुम्हाला दोन कोरे कागद लागतील, आणि एक संध्याकाळ.

मामंजींशी वाद घालू नका. वास्तू तथास्तु म्हणते, हे ऐकत आपण सगळेच वाढलो आहोत. मीही दुकानात उभी राहून "बुडालो तर" असं म्हणणार नाही. म्हणून ही बैठक दुकानात घेऊ नका, घरीही नको. एखाद्या मंगल कार्यालयाच्या ओसरीवर घ्या, नाहीतर हरिपूरला संगमावर जा. मला हे चेष्टेत म्हणायचं नाही. माणसं जागा बदलली की वेगळं बोलतात.

प्री-मॉर्टेमचं मर्म एका क्रियापदाच्या काळात आहे. "काय बिघडू शकेल?" असं विचारलंत की उस्ताद मालकाच्या तोंडाकडे बघतो आणि म्हणतो, काही नाही बिघडत. त्याच्या दृष्टीने तो प्रश्न निष्ठेचा असतो. त्याऐवजी सांगायचं, "पुढच्या वर्षीची दिवाळी होऊन गेली आहे. राजारामपुरीच्या दुकानाला कुलूप आहे, शटरवर 'भाड्याने देणे आहे' असा बोर्ड आहे. हे झालं. आता सांगा, का झालं?" गॅरी क्लाईन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने २००७ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत ही पद्धत मांडली, तेव्हा त्याचा मुद्दा हाच होता. अपयश झालंच असं धरलं की शंका काढणारा माणूस फितूर ठरत नाही, जाणकार ठरतो. जो जास्त नेमकं कारण सांगेल तो हुशार.

पद्धत साधी आहे, पण क्रम मोडू नका. बोलवायचे सहा-सात जण : तुम्ही, मिस्टर, दीर, उस्ताद, टेम्पोवाला, काउंटरवरची जुनी मुलगी आणि हिशोब बघणारे. प्रत्येकाला कागद द्या. दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही, फक्त लिहायचं. उस्तादांना मराठी लिहिता येत नसेल तर ते ज्या भाषेत लिहितात त्यात लिहू द्या, नाहीतर बाहेर नेऊन कुणीतरी त्यांचं उतरवून घ्या. मग एका वेळी एकाने एकच कारण वाचायचं, पुन्हा पहिल्याकडे यायचं, यादी संपेपर्यंत. वाचताना कुणी "तसं नाही होणार" म्हणायचं नाही. मामंजी सगळ्यात शेवटी बोलतील. त्यांना वेगळाच प्रश्न द्या : तीस वर्षांत तुमच्या डोळ्यांसमोर सांगली-मिरजेतल्या कुठल्या बेकऱ्या बंद पडल्या, आणि खरं कारण काय होतं? वाईट बोलायचं नसलं तरी दुसऱ्याच्या दुकानाबद्दल माणूस भरभरून बोलतो. माझ्या अनुभवात सगळ्यात उपयोगाची कारणं तिथूनच येतात.

आता हाती साठ-सत्तर कारणं येतील, निम्मी एकसारखी. इथे बहुतेक जण चूक करतात. ते प्रत्येकाला शक्यता एक ते पाच, नुकसान एक ते पाच असे गुण देतात, गुणाकार करतात आणि रंगीत तक्ता भिंतीला लावतात. तुमच्या धंद्याला याची गरज नाही. दोनच प्रश्न विचारा. याने दुकान बंद पडेल, की नुसता ताप होईल? आणि यावर उपाय करायची शेवटची तारीख कुठली? दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. काही धोक्यांवर उपाय करारावर सही करण्याआधीच करता येतो, काहींवर ओव्हन घेण्याआधी, काहींवर जूनपर्यंत. तारीख उलटली की तोच उपाय दसपट महाग होतो किंवा उरतच नाही. बंद पाडणारे पाच-सात धोके तारखेच्या क्रमाने लिहा. तेवढंच रजिस्टर. एफएसएसएआयचा परवाना नव्या जागेसाठी वेगळा लागतो, जीएसटीत ती जागा वाढवून घ्यावी लागते, पण ही कामं आहेत, धोके नाहीत. ती तुमच्या सीएंना द्या आणि रजिस्टरमधून काढा.

पण कारण जसं कागदावर आलं तसं रजिस्टरात उतरवू नका. "माल वेळेत पोहोचला नाही" ही गोष्ट नव्हे. गोष्टीत वेळ, माणूस आणि एकामागून एक घडलेलं असं सगळं लागतं, तेव्हाच कुठे हात घालायचा ते दिसतं. तुमचीच एक गोष्ट मी मांडून दाखवते. आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, तुम्ही उस्तादांना विचारून तुमचे घाला.

धरा की तुमच्याकडे एक ओव्हन आहे. पावाचा-ब्रेडचा एक घाणा भाजायला आणि पुढचा भरायला मिळून पाऊण तास. सध्या रात्री एकला पहिला घाणा लागतो, साडेपाचला सहावा निघतो, सहाला सांगलीचं काउंटर उघडतं. कोल्हापूरसाठी आणखी तीन घाणे लागतील, म्हणजे सव्वादोन तास. राजारामपुरीचं शटर साडेसहाला उघडायचं आणि पन्नास किलोमीटर जायचं, तर टेम्पो पावणेपाचला निघायला हवा. पण ब्रेड ओव्हनमधून निघाला की लगेच कापता येत नाही, चांगला दीड-दोन तास निवावा लागतो. मग कोल्हापूरचे तीन घाणे अडीचच्या आत निघायला पाहिजेत. ते आधी लावले तर सांगलीचा शेवटचा घाणा सातला निघेल. दोन्ही सांभाळायचं तर पहिला घाणा पावणेअकराला लावावा लागेल, आणि त्याआधीचं मळणं, आंबवणं धरलं तर उस्तादांची रात्र सव्वादहाऐवजी आठला सुरू होईल.

आता ही गोष्ट भूतकाळात सांगा. "पहिले पंधरा दिवस उस्तादांनी ताणून नेलं. मग एक पोरगा गावाला गेला, घाणे अर्धा तास मागे पडले. टेम्पोवाला हॉर्न वाजवायला लागला, म्हणून ब्रेड कोमट असतानाच पिशव्यांत भरला. पिशवीत आतून पाणी सुटलं. तिसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाच्या घरी ब्रेडला बुरशी आली. कोल्हापूरच्या गिऱ्हाइकाने तक्रार केली नाही, तो नुसता यायचा बंद झाला. नव्या दुकानाशी कोण भांडतं? इकडे सांगलीत सकाळी पाव उशिरा म्हणून चहाच्या गाडेवाल्यांनी दुसरीकडून घ्यायला सुरुवात केली. मार्चमध्ये कळलं की कोल्हापूर चालत नाही, आणि सांगलीही दोन आणे बसली आहे."

बघा, मूळ कारण ओव्हनचं होतं. ते दिसलं बुरशीत, आणि सगळ्यात मोठा फटका बसला तो जुन्या दुकानाला. नवी शाखा बुडते तेव्हा बऱ्याचदा एकटी बुडत नाही. दिराच्या तक्त्यात "सांगलीचं गिऱ्हाईक तुटेल" अशी एक तरी ओळ आहे का ते बघा.

या गोष्टीवरचा उपाय दुकान उघडण्याआधी करता येतो आणि स्वस्त आहे. भाद्रपदात सलग तीन रात्री, त्यातली एक शनिवारची, कोल्हापूरचे तीन घाणे खरोखर काढून बघा. माल मेसला, कँटीनला पडत्या भावात द्या. टेम्पोही खरोखर पावणेपाचला सोडा, राजारामपुरीपर्यंत जाऊन परत येऊ द्या. एका रात्री जमतं ते तिसऱ्या रात्री जमतं का, हे बघायचं आहे. आणि रोज प्रत्येक घाण्यातलं एक पाकीट तारीख घालून बाजूला ठेवायचं, चौथ्या दिवशी उघडायचं. गिऱ्हाईक जे सांगणार नाही ते हे पाकीट सांगेल.

या उपायाचा धनी कोण? इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण तुमच्या तक्त्याची खरी मेख त्या "सर्वजण" शब्दात आहे.

माझंच सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी मी आणि माझ्या भावाने आमच्या छपाईच्या दुकानाची दुसरी शाखा काढली होती. मशीनला थ्री-फेज वीज लागायची. जागामालक म्हणाले, मीटर आठ दिवसांत येतो. आमच्या वहीत व्यवस्थित लिहिलं होतं : "वीज जोडणी — उशीर होऊ शकतो — सगळ्यांनी पाठपुरावा करावा." भावाला वाटलं मी विचारतेय. मला वाटलं इलेक्ट्रिशियन जातोय. इलेक्ट्रिशियनला वाटलं पैसे कुणी भरले की आपल्याला सांगतील. साडेतीन महिने भाडं भरत आम्ही अंधारात बसलो. धोका आम्हाला माहीत होता, लिहूनही ठेवला होता! चौदाव्या महिन्यात ती शाखा बंद केली, आणि हिशोब मांडला तेव्हा दिसलं की ते साडेतीन महिने आम्ही कधीच भरून काढले नव्हते.

तेव्हापासून धनी ठरवताना मी तीन गोष्टी बघते. एक, नाव एकाच माणसाचं. हुद्दा नाही, "दोघं मिळून" नाही. दोन, बिघाडाची खूण जो सगळ्यात आधी बघतो तोच धनी. टेम्पो किती वाजता सुटला हे उस्तादांना पहाटे पाचला कळतं, मिस्टरांना दहाला कळेल, आणि तेही कुणी खरं सांगितलं तर. तीन, त्या माणसाला न विचारता काहीतरी करायची मुभा हवी. नुसती जबाबदारी दिली आणि पैसा-अधिकार दिला नाही, तर तो धनी नाही, फक्त बोलणी खाणारा आहे. उस्तादांना सांगा : आठवड्यात दोनदा टेम्पो पाचच्या पुढे गेला तर कोल्हापूरच्या यादीतले दोन प्रकार तुम्ही स्वतः कमी करायचे आणि एक रोजंदार माणूस बोलवायचा. आम्हाला नंतर सांगा.

ही ओळ रजिस्टरात अशी दिसेल :

गोष्ट : घाणे मागे पडले, कोमट ब्रेड भरला, दोन्हीकडचं गिऱ्हाईक तुटलं.
खूण : टेम्पो आठवड्यात दोनदा पाचनंतर सुटला, किंवा चौथ्या दिवसाच्या पाकिटात बुरशी.
उपाय : उघडण्याआधी तीन रात्रींची चाचणी, नंतर रोज पाकीट ठेवणे.
धनी : उस्ताद (कागदावर त्यांचं नाव).
मुभा : दोन प्रकार बंद करणे, एक रोजंदार लावणे.
शेवटची तारीख : घटस्थापनेच्या पंधरा दिवस आधी.

चाचणी फसली तर? तर दसऱ्याला उघडू नका. मुहूर्त हा तुमच्या रजिस्टरातला एक धोका आहे, हे मामंजींना मीच सांगितलं असं सांगा. टार्गेट या बलाढ्य अमेरिकी कंपनीने कॅनडात नेमकी हीच चूक केली. २०११ मध्ये तिने एका दुसऱ्या साखळीच्या दुकानांच्या जागा घेऊन ठेवल्या, मग त्या रिकाम्या ठेवणं परवडेना, म्हणून २०१३ मध्ये धडाक्याने दुकानं उघडायला लागली. मालाची माहिती देणारी संगणक यंत्रणा तयार नव्हती, तिच्यात खोक्यांची मापंसुद्धा चुकीची भरलेली होती. गोदामं ओसंडत होती आणि दुकानातल्या फळ्या रिकाम्या होत्या. २०१५ च्या जानेवारीत तिने कॅनडातली सगळी १३३ दुकानं बंद करायचं जाहीर केलं. तारीख आधी ठरली आणि तयारी नंतर, की माणसं तयारीचा अहवाल तारखेला जुळेल असाच देतात. दसऱ्याला पूजा करा, फीत कापा, पण पहिला महिना टोस्ट, खारी, नानकटाई आणि केक एवढंच ठेवायची सोय असू द्या. पाव-ब्रेड चाचणी पास झाल्यावर.

आता पैशाची गोष्ट. इथे मिस्टरांच्या २५ हजारांवर मी काही बोलणार नाही, हिशोबच बोलेल. महिन्याचा ठरलेला खर्च मांडा : भाडं ४५ हजार, चार माणसांचा पगार ६० हजार, टेम्पो ४० हजार, वीज १५ हजार, कर्जाचा हप्ता पाच वर्षांसाठी ११ टक्क्यांनी धरला तर साधारण ३२,६००, किरकोळ साडेसात हजार. म्हणजे दोन लाखांच्या घरात. कच्चा माल, भाजणावळ आणि परत आलेला माल वजा जाता शंभर रुपयांच्या विक्रीत ३५ उरतात असं धरलं, तर दोन लाख भागवायला महिन्याला पावणेसहा लाखांची विक्री हवी. रोजची एकोणीस हजार. म्हणजे २५ हजार झाले तर मजा आहे, पण १५ हजार झाले तर दर महिन्याला बेचाळीस हजार खिशातून जातात.

आणि पहिल्या दिवसापासून १९ हजार होत नाहीत. रोज दहा हजारांपासून सुरुवात झाली आणि दर महिन्याला दोन हजारांनी वाढत गेली, तर पहिल्या महिन्याला ९५ हजारांची तूट, दुसऱ्याला ७४, तिसऱ्याला ५३, चौथ्याला ३२, पाचव्याला ११ हजार. सहाव्या महिन्यात पहिल्यांदा दहा हजार शिल्लक. तोवर दोन लाख पासष्ट हजार गेलेले असतात, आणि हे सगळं सुरळीत चाललं तर. हे पैसे तुमच्या १५ लाखांत धरले आहेत का? बहुतेक वेळा नसतात. फर्निचर, फ्रीज, बोर्ड यांतच कर्ज संपतं, आणि तूट मग जुन्या दुकानाच्या गल्ल्यातून जाते. मैदेवाल्याचं बिल आठ दिवस थांबतं, मग पंधरा. सुभिक्षा ही चेन्नईची किराणा साखळी आठवत असेल. देशभर १६०० दुकानांपर्यंत पोहोचली होती, आणि २००८-०९ मध्ये हातात रोकड उरली नाही म्हणून कोसळली. दुकानं उघडण्याचा वेग कर्जावर होता. गिऱ्हाईक होतं, पण माल भरायला आणि पगाराला पैसे नव्हते.

या धोक्याची खूण आहे रोजची सरासरी विक्री, आणि उपाय दोन आहेत. तीन लाख रुपये वेगळ्या खात्यात बाजूला ठेवायचे. आणि बंद करायची रेघ आजच मारून ठेवायची : सहाव्या महिन्याची सरासरी १५ हजारांच्या खाली असेल तर बसून निर्णय घ्यायचा, आणखी तीन महिने थांबायचं नाही. याचे धनी मिस्टर नकोत. ज्याने शाखा मांडली त्याच्याकडून ती मोडवत नाही, यात त्यांचा काही दोष नाही. रोजच्या विक्रीवर तुमची नजर असते ना? मग धनी तुम्ही. पण मग बाकीच्या यादीत तुमचं नाव फार तर आणखी एकदा येऊ द्या. घरच्या धंद्यात बाईच्या नावावर एकवीस कामं टाकायची आणि मग "तिच्या लक्षात राहिलं नाही" म्हणायचं, हे मी पुष्कळ पाहिलंय.

आता पूर, कारण तुम्ही सांगलीच्या आहात आणि तरी पत्रात तो नाही. मामंजी म्हणतील, राजारामपुरीत कुठे पाणी येतं! खरं आहे. पण तुमचा माल राजारामपुरीत तयार होत नाही. अंकलीला कृष्णा आणि शिरोलीला पंचगंगा, वाटेत दोन नद्या आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत महामार्गसुद्धा शिरोलीजवळ बंद झाला होता. त्या दिवसांत दुकान कोरडं राहतं आणि फळ्या रिकाम्या राहतात. विम्याचा इथे फार भरवसा धरू नका. छोट्या धंद्यांच्या आता मिळणाऱ्या पॉलिसीत पुराने भिजलेला माल आणि सामान धरलेलं असतं, पण रस्ता बंद म्हणून न झालेली विक्री त्यात नसते.

इथे खूण आयती मिळते. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० आणि ४५. पातळी रोज जाहीर होते. राजाराम बंधारा ३५ फुटांवर गेला की टेम्पोवाल्याने न विचारता त्याच दिवशी दुप्पट टोस्ट-खारी-बिस्किटं पोहोचवायची, म्हणजे पाच-सहा दिवस न बिघडणाऱ्या मालावर दुकान चालेल. पाव-ब्रेडसाठी कोल्हापुरातल्या एखाद्या बेकरीशी मे महिन्यातच बोलून ठेवायचं. पाणी चढल्यावर त्यांना स्वतःचंच गिऱ्हाईक पुरवता येत नसतं. धनी टेम्पोवाला, कारण नदी तोच रोज बघतो. पण त्याला ही मुभा देताना दुप्पट माल भरून द्यायचा हुकूम सांगलीच्या गोदामात आधीच माहीत हवा. नाहीतर तो पहाटे येऊन उभा राहील आणि पोरं म्हणतील, मालकांना विचारतो.

माणसांची गोष्ट मी थोडक्यात सांगते, कारण ती तुमच्या बैठकीतच नीट निघेल. एवढंच बघा की कोल्हापूरला कुणाला पाठवताय. उस्तादांच्या हाताखालचा तयार पोरगा पाठवलात तर सांगलीची भट्टी उघडी पडते, आणि काउंटरवरची जुनी मुलगी पाठवलीत तर सांगलीचं उधारीचं पान तिच्या डोक्याबरोबर निघून जातं. परत आलेला माल कोण मोजतो हेही ठरवा. परतीचं आणि गल्ल्याचं एकाच माणसाच्या हातात ठेवू नका.

शाखा उघडल्यावर पहिले तेरा सोमवार, पंधरा मिनिटं, उभ्यानेच. प्रत्येक धन्याने फक्त आपली खूण सांगायची : टेम्पो किती वाजता सुटला, सरासरी किती, पाकीट कसं निघालं. "ठीक आहे" हे उत्तर चालायचं नाही, आकडा हवा. ज्याला आकडा सांगता येत नाही त्याने बघणं सोडलेलं असतं, तिथे धनी बदला.

आणि एक काम या बैठकीचीही वाट न बघता करायचं. दोन वर्षांचा लॉक-इन. वरची रेघ सहाव्या महिन्याला मारली आणि दुकान बंद करायची वेळ आली, तर उरलेल्या अठरा महिन्यांचं भाडं आठ लाख दहा हजार होतं. मग कुणीही दुकान बंद करत नाही, भाडं तर भरायचंच आहे म्हणून तोटा ओढत राहतो. महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवावाच लागतो, आणि तुमचा अजून नोंदवायचा आहे, हे तुमचं नशीब. जागामालकाला आजच फोन करा. लॉक-इन तुमच्या बाजूने नऊ महिने आणि नंतर दोन महिन्यांची नोटीस, त्याच्या बाजूने मात्र पूर्ण मुदतीचा, म्हणजे तुमचं दुकान चाललं तर तो मध्येच उठवू शकणार नाही. बदल्यात डिपॉझिट एक-दोन महिन्यांनी वाढवून द्या, भाडं दोन हजारांनी वाढलं तरी चालेल; अडकलेल्या आठ लाखांपुढे ते काहीच नाही. त्याच फोनवर विचारा की थ्री-फेज मीटर कुणाच्या नावावर आहे आणि किती लोड मंजूर आहे. वीजबिलाचा फोटो मागा. या ओळीच्या धन्याच्या जागी दिराचं नाव लिहा. तक्ता त्याने आणला होता, आता एक फोनही तोच करू दे.